चौकट तीच, अक्षरं नवी

माझी मावसबहीण एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. मोसमी पावसाचा धडा ती स्वतः केलेल्या स्लाइडांवरून घेते. त्यातल्या सातव्या स्लाइडवर सह्याद्रीचा उभा छेद दाखवणारं एक सुंदर चित्र आहे. डावीकडे अरबी समुद्र, मग कोकणाची चिंचोळी पट्टी, मध्ये घाटमाथा आणि उजवीकडे उतरत गेलेलं पठार. पठाराच्या वरच्या आकाशात लिहिलं होतं, ‘पर्जनछायेचा प्रदेश’. न्य हे जोडाक्षर गेलं होतं आणि नुसता न उरला होता. मुलं फळ्यावरचं उतरवतात तसंच स्लाइडवरचंही उतरवतात, त्यामुळे एका तुकडीच्या वह्यांमध्ये तो चुकीचा शब्द जसाच्या तसा आला.

तिनं तो दुरुस्त केला आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला. “दादा, एक अक्षर बदललं, तर अख्खं चित्रच धुरकट झालं. असं कसं?”

तिनं केलं ते बहुतेक जण करतात. स्लाइड पडद्यावर मोठी केली, त्या चित्राचा स्क्रीनशॉट घेतला, पेंटमध्ये शब्द बदलला आणि नवं चित्र जुन्याच्या जागी चिकटवलं. अक्षर सुधारलं, पण मूळ चित्रातला बराचसा तपशील वाटेत गळून गेला. तो कुठे गळाला हे कळलं की न गळू देण्याची रीतही कळते.

चित्र वेगळं, चौकट वेगळी

स्लाइडवर आपल्याला चित्र म्हणून जे दिसतं, त्यात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे चित्राची मूळ फाइल. ती ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची बनलेली असते. दुसरी म्हणजे स्लाइडवरची चौकट. ते चित्र कुठे आणि किती मोठं दाखवायचं, एवढंच ती सांगते. आपण कोपरा धरून चित्र लहान करतो, तेव्हा चौकट लहान होते. मूळ फाइल सहसा आत पूर्ण आकारात तशीच राहते.

बहिणीच्या चित्राची मूळ फाइल २४०० पिक्सेल रुंद आणि १३५० पिक्सेल उंच होती. स्लाइडवर तिची चौकट १० इंच रुंद होती. म्हणजे दर इंचाला २४० पिक्सेल आले. रेझोल्यूशन म्हणतात ते हेच, पिक्सेल आणि चौकट यांचं गुणोत्तर. पिक्सेल तेवढेच ठेवले आणि चौकटीला हात लावला नाही, तर रेझोल्यूशन बदलायला जागाच उरत नाही.

आता स्क्रीनशॉटचा हिशेब पाहू. तिच्या लॅपटॉपचा पडदा १३६६ पिक्सेल रुंद आहे. रुंद स्लाइड १३.३३ इंचांची असते आणि चित्रानं त्यातले १० इंच, म्हणजे पाऊण भाग व्यापला होता. त्यामुळे पडद्यावर त्या चित्राच्या वाट्याला १०२४ च्या आसपास पिक्सेल आले आणि स्क्रीनशॉटमध्ये तेवढेच उतरले. २४०० चे १०२४ झाले. उंचीतही तशीच घट झाली, म्हणून एकूण ठिपक्यांपैकी जेमतेम १८ टक्के शिल्लक राहिले. शाळेचा प्रोजेक्टर १९२० पिक्सेल रुंद चित्र दाखवतो, म्हणजे त्यावर हे चित्र १४४० पिक्सेलांत दिसायला हवं. मूळ फाइल त्यासाठी आक्रसावी लागते आणि रेषा रेखीव राहतात. स्क्रीनशॉट मात्र ताणावा लागतो. धुरकटपणा आला तो या ताणण्यातून.

पोटातलं मूळ चित्र

मूळ फाइल मिळवण्याची वाट फार सोपी आहे. ऑफिस २००७ पासून पॉवरपॉइंटची फाइल `.pptx` या रूपात साठवली जाते आणि ती खरं तर एक झिप गठ्ठा असते. त्यात स्लाइडांचा मजकूर, मांडणी आणि चित्रं वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असतात. तो गठ्ठा उघडला की चित्र हाती येतं.

आधी फाइलची एक प्रत करायची आणि सगळं काम त्या प्रतीवरच करायचं. विंडोजमध्ये फाइलच्या नावाची शेपटी लपलेली असेल तर `View` मध्ये जाऊन `File name extensions` सुरू करायचं. मग प्रतीच्या नावातलं `.pptx` काढून `.zip` लिहायचं. संगणक इशारा देतो, तो मान्य करायचा. दोनदा टिचकी मारली की फोल्डर दिसतात. `ppt` मध्ये `media` नावाचा फोल्डर असतो आणि सगळी चित्रं तिथे असतात. सेव्हन-झिप असेल तर नाव न बदलताही गठ्ठा उघडता येतो.

चित्रांची नावं `image1.png`, `image2.jpeg` अशी असतात. त्यातला आकडा स्लाइडचा क्रमांक नसतो. बहिणीच्या सातव्या स्लाइडवरचं चित्र `image3.png` होतं. छोट्या छबीवरून ओळख पटली नाही, तर `ppt/slides/_rels` या फोल्डरमधली `slide7.xml.rels` नोटपॅडमध्ये उघडायची. त्या स्लाइडला कोणतं चित्र जोडलं आहे, ते तिथे असं लिहिलेलं असतं:

```
Target="../media/image3.png"
```

त्याच्या वरच्या फोल्डरमधल्या `slide7.xml` मध्ये चौकटीचं मापही सापडतं:

```
<a:ext cx="9144000" cy="5143500"/>
```

हे आकडे पाहून दचकायचं कारण नाही. इथे एका इंचाचे ९,१४,४०० भाग धरले जातात. म्हणजे ९१,४४,००० म्हणजे बरोबर १० इंच. चौकट चित्रापासून अलग, वेगळ्या फाइलमध्ये आकड्यांत नोंदलेली असते, हे इथे डोळ्यांनी दिसतं. ही नोंद आपण नुसती वाचायची, बदलायची नाही.

बाहेर काढलेलं चित्र स्लाइडवरच्यापेक्षा निराळं दिसू शकतं. स्लाइडवर चित्राच्या तळाची पट्टी कापलेली असली, तरी मूळ फाइलमध्ये ती शाबूत असते, कारण कापण्याची सूचनाही चौकटीबरोबरच नोंदलेली असते. उजळपणा वाढवला असेल तर त्याचंही तसंच. अशा वेळी मूळ चित्र स्लाइडसारखं करायला जायचं नाही. इथे पट्टी कापली आणि परत ठेवल्यावर जुनी सूचनाही लागू झाली, तर चित्र दोनदा कापलं जातं.

जुन्या `.ppt` फाइलचा असा गठ्ठा नसतो, म्हणून ती आधी `.pptx` म्हणून साठवावी लागते. पासवर्ड लावलेली फाइलही आधी पासवर्ड काढल्याशिवाय उघडत नाही. गूगल स्लाइड्समधलं सादरीकरण `.pptx` म्हणून उतरवून घेता येतं. लिबरऑफिसची `.odp` फाइलही झिप गठ्ठाच असते, फक्त तिथे चित्रं `Pictures` या फोल्डरमध्ये असतात.

जुना शब्द पुसताना

चित्र संपादनासाठी मी गिम्प हा मोफत प्रोग्राम वापरतो. `image3.png` गठ्ठ्यातून बाहेर कॉपी केली, गिम्पमध्ये उघडली आणि पहिल्यांदा तिची मापं कागदावर लिहून ठेवली: २४०० गुणिले १३५०, पीएनजी. शेवटी हेच आकडे परत यायला हवेत. चित्राचा रंगप्रकार `Indexed` दिसला, तर `Image` मधल्या `Mode` मधून तो `RGB` करून घ्यायचा. मोजक्या रंगांच्या चित्रात नव्या अक्षरांच्या कडांना मधल्या छटा मिळत नाहीत आणि अक्षरं करवतीसारखी दातेरी होतात.

शब्दामागची जमीन एकरंगी असती, तर रंग उचलून चौकोन भरला की काम झालं असतं. इथे मागे आकाश होतं, वर गडद निळं आणि खाली फिकट होत गेलेलं. अशा जमिनीवर कोणताही एकच रंग भरला की ठिगळ दिसतं. पण हे आकाश फक्त वरून खाली बदलत होतं. एकाच उंचीवर डावीकडे आणि उजवीकडे रंग सारखाच होता. म्हणून शब्दाच्या डावीकडचा, त्याच उंचीवरचा मोकळा तुकडा निवडला, त्याची प्रत केली आणि ती फक्त आडवी सरकवत शब्दावर आणली. उंचीत एका पिक्सेलचाही फरक पडू दिला नाही. ठिगळ कुठे संपतं, हे मलाच नंतर शोधावं लागलं.

तुकडा शब्दापेक्षा चहूबाजूंनी तीन-चार पिक्सेल मोठा घ्यायचा. अक्षराची कड एकदम संपत नाही. तिच्याभोवती जमिनीत मिसळत गेलेल्या फिकट ठिपक्यांची झालर असते. ती उरली तर नव्या शब्दाभोवती जुन्याची सावली राहते आणि प्रोजेक्टरवर ती उठून दिसते.

नुसत्या न चा न्य करून जागा वाचवायचा मोह होतो. तो टाळावा. देवनागरीत सगळी अक्षरं एका शिरोरेषेला टांगलेली असतात. मध्येच एक अक्षर घुसवलं की शिरोरेषेला एक-दोन पिक्सेलची पायरी पडते आणि नजर नेमकी तिथेच अडकते. शिवाय न्य ही नपेक्षा रुंद, म्हणजे पुढची सगळी अक्षरं सरकवावी लागतात. पूर्ण लेबल नव्यानं लिहिणं अधिक सोपं आणि अधिक नीटस होतं.

नवा शब्द जुळवताना

त्यासाठी जुना फॉन्ट आणि त्याचा आकार सापडायला हवा. तो अंदाजानं ठरवण्यापेक्षा चित्रातल्याच दुसऱ्या, बरोबर असलेल्या शब्दावर ताडून पाहावा. त्याच आकारात ‘सह्याद्री’ हे लेबल होतं. ह्या आणि द्री ही जोडाक्षरं फॉन्टागणिक बरीच वेगळी दिसतात, म्हणून कसोटीला तो शब्द उत्तम. मी वेगवेगळ्या फॉन्टमध्ये ‘सह्याद्री’ टाइप केलं, त्याचा थर अर्धपारदर्शक केला आणि मूळ शब्दावर ठेवला. नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट ४४ पिक्सेल आकारात ठेवल्यावर दोन्ही शब्द एकमेकांत विरून गेले. मग रंगही मूळ अक्षराच्या जाड भागातून उचलला, कडेवरून नाही, कारण कडेच्या ठिपक्यात जमिनीचा रंग मिसळलेला असतो.

फॉन्ट सापडलाच नाही, तर जवळचा फॉन्ट घेऊन त्या दर्जाची सगळी लेबलं त्यातच लिहावीत. एकटंच लेबल वेगळ्या वळणाचं असलं की ते चुकल्यासारखं वाटतं. सगळी सारखी असली की प्रश्नच उरत नाही.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवावे लागतात. काही प्रोग्राममध्ये भारतीय लिप्यांची जुळणी आपोआप होत नाही. मग पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरांच्या जागी पाय मोडलेली अक्षरं येतात. फोटोशॉपमध्ये असं झालं, तर मजकुराच्या पसंतींमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांची सोय सुरू करावी लागते. गिम्प ही जुळणी स्वतःहून करतो. दुसरी गोष्ट ल आणि श यांची. मराठीतली त्यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकूर मराठी आहे हे सांगितलं तरच मराठी रूप येतं. गिम्पच्या मजकूर साधनात `Language` ही जागा त्यासाठीच आहे. ‘प्रदेश’ मधला श चित्रातल्या बाकीच्या श सारखा आला का, हे मी तिथेच पाहिलं.

याच टप्प्यावर एक हिशेब करून घ्यावा. ४४ पिक्सेलचं अक्षर दर इंचाला २४० पिक्सेल या चौकटीत किती मोठं दिसेल? ४४ ला २४० नं भागून ७२ नं गुणलं की १३.२ पॉइंट येतात. वर्गातल्या शेवटच्या बाकावरून ते बारीक दिसतं. बहिणीला हे दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, “मागची मुलं म्हणूनच पुढे येऊन वाचतात!” पण एकच लेबल मोठं करणं योग्य नव्हतं, म्हणून आकार तोच ठेवला. सगळी लेबलं मोठी करण्याचं काम तिनं सुट्टीवर ढकललं.

परत ठेवताना

गिम्पमध्ये `Save` केलं की त्याची स्वतःची `.xcf` फाइल तयार होते. तीही ठेवावी, पुढच्या दुरुस्तीला थर सुटे मिळतात. पण स्लाइडसाठी `Export As` निवडून `image3.png` याच नावानं पीएनजीच काढायची. पीएनजीत साठवताना काहीही गमावलं जात नाही.

मूळ चित्र जेपेग असेल तर मात्र जरा जपून. जेपेग चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलचे चौकोन करून त्यातला बारीक तपशील टाकून देतो आणि प्रत्येक वेळी साठवताना हे पुन्हा होतं. फटका अक्षरांच्या कडांना जास्त बसतो, त्यांच्याभोवती धुळीसारखे ठिपके उमटतात. लाल अक्षरांचा रंग कडेबाहेर पसरतो, कारण रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या निम्म्या बारकाईनं साठवलेली असते. म्हणून दर्जा ९५ च्या आसपास ठेवावा, रंगासाठी `4:4:4` हा पर्याय निवडावा आणि साठवणं एकदाच करावं. जेपेगचं नाव नुसतं बदलून त्याला पीएनजी म्हणू नये. नाव आणि आतला मजकूर यांचा मेळ राहत नाही.

आता उघड्या झिपमधल्या `media` फोल्डरमध्ये नवी `image3.png` ओढून टाकायची आणि जुनीवर लिहायला हो म्हणायचं. मग `.zip` चं पुन्हा `.pptx` करायचं. लिनक्स किंवा मॅकवर हेच काम दोन ओळींत होतं:

```
unzip dhada.pptx ppt/media/image3.png
zip dhada.pptx ppt/media/image3.png
```

पहिली ओळ चित्र बाहेर काढते. संपादन झाल्यावर त्याच फोल्डरमधून दुसरी ओळ चालवली की ते आपल्या जागी परत जातं.

पूर्ण गठ्ठा सोडून पुन्हा बांधायला जाऊ नये. बांधताना सगळं एका जादा फोल्डरमध्ये गेलं, तर पॉवरपॉइंटला आपली मांडणी सापडत नाही आणि फाइल दुरुस्त करण्याची सूचना येते. चित्राच्या जागी लाल फुली दिसली, तर बहुधा चित्राच्या नावात फरक पडलेला असतो. एकच चित्र दोन स्लाइडांवर असेल, तर ते गठ्ठ्यात सहसा एकदाच ठेवलेलं असतं. त्यामुळे बदल दोन्हीकडे दिसतो. आमच्या बाबतीत उजळणीच्या स्लाइडवरचा शब्दही आपोआप सुधारला.

झिपची वाट नको असेल, तर चित्रावर उजवी टिचकी मारून `Change Picture` निवडता येतं. नव्या चित्राचं लांबी-रुंदीचं प्रमाण तेच असेल तर चौकट बहुधा जागच्या जागी राहते, पण कापलेली पट्टी परत आली का, हे पाहावं लागतं. त्याआधी `File`, `Options`, `Advanced` अशा क्रमानं जाऊन `Do not compress images in file` वर खूण करावी. नाहीतर साठवताना पॉवरपॉइंट चित्र आक्रसू शकतो. ही मर्यादा पुष्कळदा दर इंचाला २२० पिक्सेल ठेवलेली असते. तसं झालं तर आमचं २४०० चं चित्र गुपचूप २२०० चं झालं असतं.

खात्री करताना

पडद्यावर पाहून ‘ठीक दिसतंय’ म्हणणं पुरेसं नाही. नवी फाइल पॉवरपॉइंटमध्ये उघडून एकदा साठवली, मग तिची प्रत पुन्हा झिप करून आतलं चित्र मोजलं. २४०० गुणिले १३५०. कागदावरचे आकडे जुळले.

दुसरी तपासणी मला सर्वांत विश्वासाची वाटते. गिम्पमध्ये नवं चित्र उघडायचं, त्यावर जुनं चित्र थर म्हणून ठेवायचं आणि त्या थराची पद्धत `Difference` करायची. जिथे दोन्ही चित्रं सारखी असतात, तिथे काळं दिसतं. आमच्या चित्रात समुद्र, कोकण, घाटमाथा, पठार सगळं काळंभोर झालं आणि आकाशात फक्त एक शब्द उजळला. दुसरीकडे कुठे उजेड दिसला असता, तर न कळत तिथेही हात लागला असं समजायचं. जेपेगमध्ये सगळीकडे बारीक कण दिसतात. ते पुन्हा साठवल्याचे असतात.

या रीतीला एक मर्यादा आहे. जुनं चित्रच कमी पिक्सेलांचं असेल, तर ती मूळ बारकाई परत आणू शकत नाही. पिक्सेल वाढवले तरी आत नवा तपशील येत नाही. अशा चित्रात जुना शब्द फक्त पुसावा आणि नवा शब्द स्लाइडवर मजकुराची चौकट ठेवून लिहावा. ती अक्षरं पिक्सेलांची नसतात, म्हणून कितीही मोठी केली तरी स्वच्छ राहतात. मूळ चित्र चांगलं असलं आणि ते दुसऱ्या स्लाइडांवर किंवा छापील पानावरही जायचं असलं, तर मात्र शब्द चित्रातच दुरुस्त करावा, म्हणजे दुरुस्ती चित्राबरोबर जाते.

बहिणीनं पुढच्या सोमवारी तोच धडा पुन्हा घेतला आणि मुलांना वह्या उघडायला सांगितल्या. प्रत्येकानं ‘पर्जनछाया’ खोडून त्यावर ‘पर्जन्यछाया’ लिहिलं. वहीत खाडाखोड दिसणारच. स्लाइडवर मात्र ती कुठेच दिसत नव्हती.